वर्षानुवर्षं पत्रं लिहिल्यावर मनातलं हळूच कसं सुचवावं: दूर गेलेल्या मित्राला लिहिणाऱ्यांसाठी

तो दुसऱ्या शहरात गेला त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं लिहीत होतो. त्याची ६८ पत्रं माझ्याकडे आहेत. पाचव्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्याच्या पत्राची वाट मी मित्राच्या पत्रासारखी बघत नाही. ते त्याला सुचवणारं पत्र लिहायला मात्र मला आणखी एक वर्ष लागलं. त्या वर्षात एक पत्र मी फाडून टाकलं, एक पाठवलं पण त्याला काहीच कळलं नाही, आणि तिसरं जमलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

मी सगळीकडे ‘तो’ लिहीन, कारण माझ्या बाबतीत तो होता. तुमच्याकडे ती असेल, तर तसं वाचा. तुमची पत्रं ईमेलनं जात असतील तरी जवळपास सगळं लागू पडतं.

हा लेख ज्यांची पत्रं दोन्ही बाजूंनी नियमित चालू आहेत त्यांच्यासाठी आहे. पत्रव्यवहार दोन-तीन वर्षांपूर्वी थांबला असेल, तर आधी तो पुन्हा सुरू करा आणि चार-पाच पत्रं जाऊ द्या. इतक्या दिवसांनी आलेल्या पहिल्याच पत्रात असं काही असलं की समोरच्याला वाटतं, पत्र फक्त त्यासाठीच लिहिलंय.

हाताशी काय हवं

- त्याची शेवटची दहा-बारा पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली
- तुमच्या स्वतःच्या पत्रांच्या प्रती किंवा कच्चे मसुदे, असतील तर
- एक वही, कच्चं लिहायला
- तुम्ही नेहमी वापरता तोच कागद आणि तेच पेन
- पत्राचा फोटो काढायला फोन
- दोन मोकळ्या संध्याकाळी

१. आधी त्याची पत्रं वाचा, एका बैठकीत

आपण पत्र येतं तसं वाचतो, आणि मग मनात राहतात ती आपल्याला आवडलेली चार वाक्यं. त्या चार वाक्यांवर सगळं उभं केलं की फसायला होतं. म्हणून शेवटची दहा-बारा पत्रं ओळीनं वाचा आणि वहीत तीन गोष्टी टिपा.

पहिली, तो तुमच्याबद्दल काय विचारतो. ‘कशी आहेस, घरचे कसे आहेत’ हे सगळेच विचारतात. ‘त्या मुलाखतीचं पुढे काय झालं’ असं विचारणाऱ्यानं तुमचं मागचं पत्र मनात ठेवलेलं असतं. दुसरी, दोन पत्रांमधलं अंतर. माझ्या मित्राचं उत्तर साधारण १८ ते २५ दिवसांत यायचं. हा आकडा पुढे वाट बघताना फार उपयोगी पडतो. तिसरी, कोणाचं नाव वारंवार येतंय का, आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ कधीपासून आलंय का.

तुमच्या स्वतःच्या पत्रांच्या प्रती असतील तर त्याही वाचा. तुमचा नेहमीचा सूर काय आहे ते तुम्हाला माहीत हवं. जी माणसं प्रत्येक पत्रात ‘तुझी फार आठवण येते’ लिहितात, त्यांनी तेच वाक्य आणखी एकदा लिहिलं तर समोरच्याला त्यात नवीन काहीच दिसणार नाही. माझ्या पत्रांत मी कधीच तसं लिहिलं नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे थोडी जागा होती.

२. दोन गोष्टी पक्क्या करा

तो एकटा आहे का, हे माहीत नसेल तर आडून सुचवू नका. साध्या शब्दांत विचारा. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ‘तुझ्या आयुष्यात कोणी आहे का, तू कधी लिहिलं नाहीस’ एवढं विचारता येतं. हा प्रश्न एका पत्रात आणि सूचना त्याच्या पुढच्या पत्रात, असं ठेवा. दोन्ही एकाच पत्रात आलं तर प्रश्नच सूचना होऊन बसतो, आणि कोणी असेल तर त्याला उत्तर लिहिणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट स्वतःपाशी. पत्रातला माणूस विचार करून बोलतो, शांत असतो, त्याला दोन ओळींच्या मध्ये थांबता येतं. आपणही पत्रात तसेच असतो. त्याला शेवटचं प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर अर्धा तास बोलून किती दिवस झाले? वर्षाहून जास्त झालं असेल, तर आधी एक फोन करा, काहीही न सुचवता. मी केला होता. तो पत्रात लिहितो त्याच्यापेक्षा पुष्कळ भराभर बोलतो आणि मध्येच विषय बदलतो, हे मी विसरूनच गेले होते. फोन ठेवल्यावरही मला तोच हवासा वाटला, म्हणून पुढे गेले. तुम्हाला फोन ठेवताना हायसं वाटलं, तर पत्रं जशी चालली आहेत तशीच चालू द्या.

३. केव्हा लिहू नये

त्याच्या घरी आजारपण असेल, नोकरी गेली असेल, जवळचं कोणी गेलं असेल, तर थांबा. अशा वेळी माणूस ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवतो त्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि ‘हो’ म्हणाला तरी ते पक्कं धरता येत नाही. वाढदिवसाच्या पत्रातही नको. त्या दिवशीच्या पत्रात सगळेच जरा जास्त गोड लिहितात, त्यामुळे तुमचं वाक्य त्यातच विरघळतं. अगदी साध्या महिन्यातलं, नेहमीचं, त्याच्या पत्राला उत्तर म्हणून जाणारं पत्र सगळ्यांत चांगलं.

४. सूचक वाक्य शोधा

सगळी मेहनत इथे आहे, म्हणून माझी आधीची दोन्ही पत्रं सांगते.

पहिलं पाच पानी होतं. त्यात मला कधीपासून काय वाटतंय, किती रात्री झोप आली नाही, त्याच्याशिवाय मला पुढचं कसं दिसतच नाही, सगळं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा जाणवलं की हे हातात पडल्यावर त्याला फक्त दोनच पत्रं लिहिता येतील, होकाराचं किंवा नकाराचं. सहा वर्षांत ज्याचा त्यानं विचारही केला नसेल, त्यावर त्याला निकाल द्यायला लावायचा? फाडून टाकलं.

दुसरं पत्र त्याच्या अगदी उलट. नेहमीसारखं लिहिलं आणि शेवटी ता. क. मध्ये एक ओळ टाकली: ‘तू इथे असतास तर बरं झालं असतं.’ मला वाटलं, आता त्याला कळेल. त्याचं उत्तर आलं: ‘हो ना, सगळेच तिथे असते तर काय मजा आली असती.’ आणि पुढे आमच्या जुन्या कंपूतल्या चौघांची चौकशी.

त्याची काहीच चूक नव्हती. माझं वाक्य कोणत्याही मित्राला लिहिता आलं असतं, म्हणून त्यानं ते मित्रासारखंच वाचलं. तेव्हापासून मी एक कसोटी लावते, तीच तुम्हीही लावा: हे वाक्य मी आणखी कोणाला लिहू शकले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते वाक्य सूचनेचं काम करणार नाही. ‘आठवण येते’, ‘तू खास आहेस’, ‘तुझ्यासारखं कोणी नाही’, हे सगळं या कसोटीत नापास होतं.

मग काय लिहायचं? भावनेचं नाव घेऊ नका. त्याच्यामुळे तुमच्या दिवसात खरोखर घडणारी एक छोटी गोष्ट सांगा, जी त्याला आजवर माहीत नाही. ती शोधायला मी वहीत आठवडाभर टिपत गेले. त्याचं पत्र आलं की मी नक्की काय करते? आठव्या दिवशी वहीत हे होतं: पत्र दारातच, चप्पल न काढता वाचते. फोन वाजला तर उचलत नाही. रात्री पुन्हा वाचते. दुसऱ्या वेळी बातम्या गाळते. पाकिटावरचं माझं नाव त्याच्या अक्षरात बघते. त्याच्या ‘र’ची शेपटी जरा लांब असते.

यातली एकच निवडायची. सगळ्या लिहिल्या की पाच पानी पत्राचंच ओझं परत येतं. मी निवडलेली गोष्ट कागदावर अशी उतरली:

*तुला एक सांगू? तुझं पत्र मी दोनदा वाचते. पहिल्यांदा दारातच, उभ्यानं, काय काय झालं ते कळावं म्हणून. दुसऱ्यांदा रात्री, सगळं आवरल्यावर. तेव्हा बातम्या सोडून देते आणि तू कसा बोलतोस तेवढंच ऐकते. हे मी किती वर्षं करतेय कोण जाणे. तुला कधी सांगितलं नव्हतं.*

यात ‘प्रेम’ नाही, ‘आठवण’ही नाही. पण ‘रात्री, सगळं आवरल्यावर’ आणि ‘तुला कधी सांगितलं नव्हतं’ हे वाचून त्याला थांबावं लागतं. त्यातही सगळ्यांत जास्त काम शेवटचं वाक्य करतं. आधीचं नुसतं वर्णन आहे. इतके दिवस आपण काहीतरी ठेवून घेतलं होतं आणि आज ते दिलं, हे शेवटच्या वाक्यामुळे कळतं. तुमच्या पत्रात तुमची गोष्ट वेगळी असेल, पण ‘आजवर सांगितलं नव्हतं’ एवढा अर्थ कुठेतरी यायला हवा.

आणि ती गोष्ट खरी हवी. पत्रं न वाचता उशाशी ठेवत असाल तर तसं लिहा. सुंदर दिसतं म्हणून दारात उभं राहू नका. इतकी वर्षं तुमचं लिहिणं वाचलेल्या माणसाला बनावट ओळ लगेच वेगळी दिसते.

५. पत्रात ती कुठे बसवायची

सुरुवातीला नको आणि अगदी शेवटी तर नकोच. ता. क. मधली ओळ वाचणाऱ्याला उशिरा सुचलेली, किरकोळ वाटते, आणि ज्याला ती किरकोळ वाटत नाही त्याला ती टाकून पळाल्यासारखी वाटते.

पत्र नेहमीच्या लांबीचंच ठेवा. आधी त्यानं मागच्या पत्रात विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्या. ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे: आपण आपल्या वाक्यात इतके गुंततो की त्यानं आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलेलं तसंच राहतं, आणि पत्र एकदम परकं होतं. मग तुमच्या बातम्या. त्यानंतर, पत्राचा दोन-तृतीयांश भाग झाल्यावर, तो परिच्छेद. आणि त्यानंतर निदान एक साधा परिच्छेद आणखी, म्हणजे पत्र त्या वाक्यावर लटकत राहणार नाही.

माझ्या पत्रात क्रम असा होता: आईचा गुडघा आणि तिचं पहिल्यांदा जिना उतरणं, नव्या कामातली दमछाक, टेबल खिडकीपाशी हलवल्याचं, त्या टेबलावर रात्री पत्र वाचते असं म्हणत वरचा परिच्छेद, आणि शेवटी त्यानं सुचवलेल्या पुस्तकाची निम्मी पानं झाल्याचं. टेबलामुळे तो परिच्छेद आपोआप आला. तुमच्याही पत्रात तिथवर नेणारी अशी एखादी साधी वस्तू शोधा.

६. परतायला वाट ठेवा

सूचना कळली पाहिजे, आणि तरीही कळली नाही असं दाखवायची त्याला मुभा हवी. त्यासाठी परिच्छेदाच्या शेवटी असा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर मित्रही देऊ शकतो आणि मित्राहून जवळचा माणूसही. मी लिहिलं: *‘तू माझी पत्रं कशी वाचतोस? कधी लिहावंसं वाटलं तर लिही.’*

त्याला पुढे यायचं असेल तर या प्रश्नात पुरेशी जागा आहे. यायचं नसेल तर ‘मी आपला प्रवासात वाचतो’ एवढं लिहून तो मैत्रीत राहू शकतो, आणि दोघांपैकी कोणालाच काही बोलावं लागत नाही. ‘तुला काय वाटतं?’, ‘समजलं ना?’, ‘उत्तराची आतुरतेनं वाट बघतेय’ यांनी ही वाट बंद होते. तसंच ‘हे वाचून हसू नकोस’, ‘विसरून जा, मी असंच लिहिलं’ अशी माफीही मागू नका. जे दिलं तेच तुम्ही लगेच परत घेताय असं त्याला वाटतं.

७. मायना आणि सही

दोन्ही नेहमीसारखं. सहा वर्षं ‘प्रिय’ लिहीत असाल तर ‘प्रिय’च, नुसतं नाव लिहीत असाल तर नुसतं नावच. मायना बदलला की पहिल्याच शब्दाला तो सावध होतो आणि पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचतो. ‘लोभ असावा’ ही शेवटची ओळ मी आजवर कधी लिहिली नव्हती, त्या दिवशी लिहावीशी वाटली, आणि मी ती खोडली. बदल एकाच ठिकाणी हवा. कागद, पेन, पाकीट यांचंही तेच.

८. पाठवण्याआधी

पत्र पक्कं लिहून एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या संध्याकाळी दार लावून मोठ्यानं वाचा. जिथे आवाज आपोआप खाली जातो किंवा वेग वाढतो, तिथे काहीतरी खोटं किंवा जास्तीचं आहे. माझा आवाज ‘मला या जगात सगळ्यांत जास्त’ या शब्दांपाशी अडला होता. ते वाक्य काढलं, पत्राला काहीही कमी झालं नाही.

खाडाखोड असेल तर असू द्या, नेहमी असते तेवढी. सहा वर्षांत पहिल्यांदा एकही काट नसलेलं पत्र गेलं, तर ते चारदा उतरवून काढलंय हे लगेच दिसतं.

मग प्रत्येक पानाचा फोटो काढा. हे विसरू नका. तीन आठवड्यांनी उत्तर येईल तेव्हा तुम्ही नक्की कोणते शब्द लिहिले होते ते आठवणार नाही, आणि मग ‘असं का लिहिलं त्यानं’ याचा विचार तुम्ही आठवणीतल्या, जास्त धीट किंवा जास्त भित्र्या पत्राशी ताडून कराल.

९. वाट बघताना

पहिल्या पायरीत काढलेला अंतराचा आकडा वहीतून काढा. त्याच्या सगळ्यांत उशिरा आलेल्या उत्तराला जेवढे दिवस लागले होते, त्यात दहा दिवस मिळवा. तोवर दुसरं पत्र नाही, आणि ‘पत्र मिळालं का?’ असा मेसेजही नाही. आधी असा मेसेज करायची सवयच असेल तर गोष्ट वेगळी.

माझा आकडा ३५ होता. उत्तर २९व्या दिवशी आलं. नेहमीपेक्षा चार दिवस उशिरा, आणि त्या चार दिवसांत मी त्या फोटोंमधलं पत्र इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

आकडा उलटून गेला तर एक साधं, छोटं पत्र लिहा. बातम्यांचं. त्या परिच्छेदाचा उल्लेख नको. पत्रं खरोखरच हरवतात, आणि माणसंही कधी कधी उत्तर लिहिता न आल्यानं गप्प बसतात. या छोट्या पत्रानं दोन्ही वेळा त्याला परत लिहायला सोपं जातं.

१०. उत्तर कसं वाचायचं

तीन प्रकारची उत्तरं येतात.

त्यानं प्रश्नाला उत्तर दिलं, पण मित्रासारखं: त्याला कदाचित कळलं नाही, कदाचित कळूनही त्यानं हळुवारपणे बाजूला ठेवलं. एका उत्तरावरून हे ओळखता येत नाही. दोन-तीन पत्रांनी आणखी एकदा, वेगळी गोष्ट घेऊन सुचवायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही तसंच उत्तर आलं, तर तेच त्याचं उत्तर समजा. तिसऱ्यांदा नको.

बाकी सगळ्याला उत्तर दिलं आणि नेमका तो परिच्छेद गाळला: बहुतेक वेळा हे न बोललेलं ‘नाही’ असतं, विशेषतः जो माणूस एरवी काही गाळत नाही त्याच्याकडून. अशा वेळी पुढचं पत्र लवकर जाऊ द्या, नेहमीच्या लांबीचं आणि नेहमीच्या सुरात. ते लिहिणं जड जातं. पहिल्या ओळीपाशी अडलात तर त्याच्याच पत्रातल्या एखाद्या गोष्टीनं सुरुवात करा: ‘तुझ्या नव्या घराचं वाचलं. खिडक्या कोणत्या दिशेला आहेत?’ हे वाचून त्याला कळतं की तुम्ही आहात तिथेच आहात.

आणि तिसरं, त्यानंही आजवर न सांगितलेलं काहीतरी सांगितलं. माझ्या पत्राला उत्तर देताना त्यानं दोन पानं नेहमीचं लिहिलं, आणि मग: ‘मी तुझं पत्र शेवटापासून वाचतो. आधी शेवटची ओळ बघतो, तू बरी आहेस ना एवढं कळायला. मग चहा करतो आणि पहिल्यापासून वाचतो. हे तू विचारलंस म्हणून माझ्या लक्षात आलं.’

असं उत्तर आलं की लगेच पाच पानं लिहू नका. तो जेवढा पुढे आला तेवढंच तुम्हीही या. मी पुढच्या पत्रात ‘र’च्या शेपटीचं लिहिलं. त्याच्या पुढच्या पत्रात पाकिटावर माझ्या नावातल्या ‘र’ची शेपटी पाकिटाच्या कडेपर्यंत गेली होती. आणखी दोन पत्रं अशी झाली. त्यानंतर सुचवणं थांबवलं, कारण आता पुढे जे बोलायचं होतं ते एकमेकांचा चेहरा बघूनच बोलायला हवं होतं. पाचव्या पत्रात मी फक्त तीन ओळी लिहिल्या. पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी आहे. तुझ्या शहरात यायचा विचार आहे. येऊ का?